परंड्याच्या हिशेबात एक तोफ शॉर्ट

आमच्या परंड्यात दुखणं सांगायची सोय नाही. ‘पाय मुरगळलाय’ एवढं म्हटलं की समोरचा पायाकडे न बघताच तेलाचं नाव सांगतो, दुसरा त्या तेलाला नाव ठेवतो, तिसरा बार्शीचा डॉक्टर सुचवतो आणि चौथा त्या डॉक्टरनं आपल्या मेव्हण्याचा पाय कसा घालवला ते सांगतो. तोवर ज्याचा पाय मुरगळला तो बिचारा लंगडत घरी पोचलेला असतो. नुसतं ‘अरेरे’ म्हणून गप्प बसणाऱ्याला आपल्याकडं एक तर गर्विष्ठ समजतात, नाही तर उधारी मागायला आलेला.

अशा गावात एखाद्या तरुणाला एखादी मुलगी आवडावी, तिनं रात्री ‘आज दिवस फारच वाईट गेला’ असा मेसेज टाकावा, आणि त्यानं काहीही दुरुस्त न करता तिला फक्त हसवावं, ही अपेक्षा म्हणजे गड्याला बांधावर बसवून ‘खुरपं हातात धर, पण गवताला हात लावू नको’ सांगण्यासारखी आहे.

माझं झेरॉक्सचं दुकान एका बँकेच्या शाखेसमोर आहे. बँकेनं आधार कार्डाची झेरॉक्स मागायची बंद केली तर मला दुसऱ्या दिवशी कुलूप लावावं लागेल, त्यामुळं त्या बँकेवर माझं मनापासून प्रेम आहे. माझ्या शेजारच्या कृषी सेवा केंद्रातल्या पोराचंही आहे, पण ते शाखेवर नसून कॅश काउंटरवर आहे. पोराचं नाव सांगत नाही. गाव लहान आहे. आपण त्याला खतवाला म्हणू. काउंटरवरची मुलगी बार्शीहून एसटीनं अप-डाऊन करते. तिला सगळी शाखा, सगळे खातेदार, चहावाला आणि खतवाला ‘मॅडम’च म्हणतात. दोघांचं बोलणं ‘तुम्ही’वर आहे. तिच्या फोनमध्ये तो अजून माणूस म्हणून सेव्ह झालेला नाही, दुकान म्हणून आहे. एवढ्या भांडवलावर पोराला धंदा सुरू करायचा होता.

आता खतवाल्याची अडचण त्याच्या पेशात आहे. दिवसभर त्याच्यासमोर शेतकरी पिशवीतून एक पान काढून काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, “सोयाबीन पिवळं पडलंय.” हा पान उलटं करून बघतो, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला की म्हणतो, “लोह कमी पडलंय, फेरस सल्फेटची फवारणी घ्या,” आणि मागच्या फळीवरून पुडा काढून देतो. तक्रार आली की हात आपोआप मागच्या फळीकडं जातो. हा त्याचा गुण आहे, त्यावरच घर चालतं. पण माणूस पिवळं पडलं की फळीवरून काय काढायचं?

जुलैतला सोमवार होता. पीककर्जाची गर्दी, त्यात दुपारी बँकेची लिंक गेलेली. लिंक गेली की रांगेतली माणसं काउंटरवरच्या माणसाकडं अशी बघतात जणू तिनंच ती पदराखाली लपवलीय. लिंक आली, पैसे वाटले, संध्याकाळी कॅश मोजली, तर पाचशे रुपये कमी. बँकेत याला ‘शॉर्ट’ म्हणतात. नोटांचे प्रकार लिहून बेरीज करायची, ती संगणकावरच्या आकड्याशी जुळली की ‘टॅली’ झाली. जुळेपर्यंत तिजोरी बंद होत नाही आणि तिजोरी बंद होईपर्यंत कुणी घरी जात नाही. बंडलं पुन्हा मोजली, ड्रॉवर उपसला, टेबलाखाली बघितलं. नवी कोरी नोट दुसरीला चिकटून कुणाच्या तरी पैरणीच्या खिशातून एखाद्या वाडीवर गेली असणार. नियम साधा आहे: जास्त भरले तर बँकेचे, कमी भरले तर कॅशियरचे. मॅडमनी पाकिटातून पाचशे काढून ठेवले. ठेवताना साहेब चार खातेदारांसमोर म्हणाले, “लक्ष कुठं असतं तुमचं?” शेवटची सोयीची एसटीही हुकली.

रात्री आठ वाजता खतवाल्याला मेसेज आला. दिवस फार वाईट गेला, कॅश शॉर्ट आली, आणि पुढे तुटक एक ओळ: ‘आणि सगळ्यांसमोर.’

खतवाल्याचा हात फळीकडं गेला. त्यानं काय काय लिहिलं ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवलं. (दुसऱ्याचे मेसेज असे दाखवू नयेत, हे मी त्याला वाचून झाल्यावर सांगितलं.) पहिला मेसेज: ‘किती? मी देतो.’ दुसरा: ‘सीसीटीव्ही बघायला सांगा.’ तिसरा: ‘नोटा मोजताना मशीनवर दोनदा टाकायच्या.’ चौथा: ‘वडिलांची रिजनल ऑफिसला ओळख आहे, बोलू का?’ तिकडून उत्तर आलं, ‘बरं.’ मग आलं, ‘झोपते.’ आठ वाजून वीस मिनिटांनी.

“काका, झोपली बगा,” तो म्हणाला.

आठ वीसला परंड्यातल्या कोंबड्यासुद्धा झोपत नाहीत. पण पोराला दोष देण्यात अर्थ नाही, चारही मेसेज मदतीचे होते. गंमत अशी की त्या चारही मेसेजांतून तिला साहेबांचंच वाक्य पुन्हा ऐकू आलं असणार. ‘मशीनवर दोनदा टाकायच्या’ म्हणजे काय? लक्ष कुठं असतं तुमचं! ‘मी देतो’ म्हणजे पाचशेचा प्रश्न सुटला, पण तिचा प्रश्न पाचशेचा नव्हताच. माणूस दुखणं सांगतो तेव्हा आकडा आधी येतो, कारण आकडा सांगायला सोपा असतो. खरं ठसठसणारं मागून येतं, अर्धवट वाक्यात, बहुधा ‘आणि’नं सुरू होऊन. ‘आणि सगळ्यांसमोर’ ही ती ओळ होती, आणि चार उपायांपैकी एकही त्या ओळीच्या वाटेला गेला नाही.

मग उत्तर काय द्यायचं? आधी विनोद नाहीच. आधी फक्त ती अर्धी ओळ ऐकू आल्याची पावती द्यायची: ‘खातेदारांसमोर बोलले? छे. हे फार झालं.’ एवढंच. हल्ली शहाणी माणसं सांगतात की समोरच्याला सरळ विचारावं, तुला उपाय हवाय की फक्त ऐकून घेऊ. विचार चांगला आहे, पण आपल्याकडं ‘तुम्ही’वर असलेल्या ओळखीत हा प्रश्न कर्जाच्या फॉर्मवर खूण करायला लावल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा पावती द्यावी आणि गप्प बसावं. उपाय हवा असेल तर माणूस स्वतःहून मागतो. बँकेतल्या माणसाला अर्ज करता येतो.

पावतीनंतर दोन-चार मेसेज येऊ द्यायचे. मग विनोद. इथं दुसरी अडचण सुरू होते, ती म्हणजे निशाणा. खतवाल्यानं माझं ऐकून त्याच आठवड्यात दुसरा प्रयत्न केला. साहेब पुन्हा काहीतरी बोलले होते. यानं लिहिलं, ‘तुमच्या साहेबांना सोनारीला नेऊन सोडा, माकडांत कुणाला कळणार नाही.’ बाहेरच्यांसाठी सांगतो, सोनारी आमच्या तालुक्यात आहे, तिथं काळभैरवनाथाचं देवस्थान आहे आणि माकडं एवढी की नारळ देवापर्यंत पोचेल याची खात्री देव पण देत नाही. विनोद वाईट नव्हता. उत्तर काय आलं? ‘नाही हो, साहेब तसे चांगले आहेत. त्यांच्यावर पण प्रेशर असतं.’

बघा आता. ज्या माणसानं तिचा दिवस घालवला त्याचीच वकिली तिला रात्री करावी लागली. आपल्या साहेबाला, आपल्या आईला, आपल्या गावाला आपण स्वतः काहीही बोलतो. परक्यानं बोललं की लगेच त्यांची बाजू आठवते. तिनं आधी साहेबांना माकड म्हटलं असतं तर यानं शेपूट जोडायला हरकत नव्हती. शिवाय साहेबांविषयी लिहिलेलं कुणाच्या तरी फोनमध्ये राहतं, ही भीती बँकेतल्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त असते. पैसे चुकून घेऊन गेलेल्या म्हाताऱ्यावरही विनोद नको, कारण ती उद्या त्यालाच पैसे मोजून देणार. आणि तिच्यावर तर नकोच. ‘तुमचं गणित कच्चं’ हे प्रेमातलं थट्टेचं वाक्य वाटतं, पण तीन तासांपूर्वी तेच सगळ्यांसमोर ऐकलेल्या माणसाला ते साहेबांचं दुसरं पत्र वाटतं.

मग उरलं कोण? यंत्र, एसटी, इतिहास आणि स्वतः बोलणारा.

ही युक्ती नवी नाही. ‘शाकुंतला’तला दुष्यंत प्रेमात पडून कासावीस होतो, आणि दुसऱ्या अंकात त्याचा विदूषक रंगमंचावर येतो तो स्वतःच्या सांध्यांची तक्रार करत. शिकारीमागं धावून हाडं मोडली, वेळेवर खायला नाही, झोप नाही. राजाच्या दुखण्यावर त्याच्याकडं औषध नाही आणि तसा आवही नाही. तो फक्त स्वतःचं दुखणं शेजारी आणून ठेवतो, आणि राजाचं तेवढ्यापुरतं एकटं राहत नाही. भरतानं ‘नाट्यशास्त्रा’त हसण्याचे सहा प्रकार सांगितलेत. पहिलं स्मित, म्हणजे गाल जरा हलतात, दात दिसत नाहीत. शेवटचं अतिहसित, त्यात डोळ्यांत पाणी येतं. वाईट दिवसाच्या रात्री माणसानं स्मितावर समाधान मानावं. आमचे गडी थेट अतिहसितावर धरून बसतात, डोळ्यांत पाणी आणायचंच म्हणून. ते तर दुपारीच येऊन गेलेलं असतं.

वेळेबद्दलही थोडं सांगतो. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातल्या पीटर मॅकग्रॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये एक अभ्यास छापला. त्यात लोकांना विचारलं होतं की कुठली गोष्ट जास्त हसू आणते. गाडीनं धडक दिल्याची गोष्ट पाच वर्षांपूर्वीची असेल तर लोकांना ती जास्त चालली. पायाच्या बोटाला ठेच लागल्याची मात्र कालची जास्त चालली. म्हणजे मोठ्या घावाला अंतर लागतं आणि ठेच ताजी असतानाच हसून घ्यावी, पाच वर्षांनी तुमच्या ठेचेत कुणाला रस नसतो. पाचशे रुपये शॉर्ट ही ठेच आहे, त्याच रात्री चालते. घरात कुणी गेलं, तपासणीचा रिपोर्ट वाईट आला, कुणी कामाच्या जागी अंगचटीला आलं, तर ही ठेच नव्हे. तिथं विनोदी माणसानं तोंड बंद ठेवावं आणि ‘येऊ का? कुणाला बोलवू?’ एवढं विचारावं. आणि ‘वाईट दिवस’ रोजच येऊ लागला तर तो दिवस नसतो, दुसरं काही असतं. त्यावर तोफेचा विनोद चालत नाही.

तोफेचं सांगायचंच राहिलं.

परंड्याला भुईकोट किल्ला आहे. खंदक, बुरूज, आत पडक्या इमारती, आणि तोफा. पण सगळ्यांत मोठी तोफ आता इथं नाही. मुलूख-मैदान तिचं नाव. 1549 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीत ओतली, वजन पंचावन्न टनांच्या आसपास, तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्या जबड्यात सापडलेला हत्ती. ती परंड्याच्या किल्ल्यात होती. 1632 मध्ये आदिलशाहीनं ती उचलून विजापूरला नेली आणि बुरजावर चढवली. तिथं पर्यटक तिच्यावर हात ठेवून फोटो काढतात, आणि परंड्याचा माणूस तो फोटो बघून ‘आमची आहे ती’ म्हणतो, जसं विकलेल्या बैलाकडं बाजारात बघून म्हणतात.

खतवाल्यानं पुढच्या वेळी ती तोफ काढली. मॅडमना पुन्हा शॉर्ट आली होती, यावेळी दोनशे, आणि जुने पाचशे अजून मनात होतेच. पण पहिल्या खर्ड्यात त्यानं लिहिलं, ‘मॅडम, या गावातून पंचावन्न टनाची तोफ गेली, तुम्ही पाचशेचं काय घेऊन बसलात.’ पाठवायच्या आधी मला दाखवलं. मी म्हटलं, थांब. हे ऐकायला गमतीचं आहे, पण अर्थ काय निघतो? तुझं दुखणं किरकोळ आहे, मोठ्या गोष्टी बघ. हे तर तिचे मामासुद्धा सांगतील. तोफ तीच राहू दे, बाजू बदल.

पाच मिनिटं खतवाला काउंटरवर डोकं धरून बसला होता. एक गिऱ्हाईक युरिया न घेताच परत गेलं. मग त्यानं लिहिलं: ‘मॅडम, परंड्याच्या कॅशमध्ये 1632 पासून एक तोफ शॉर्ट आहे. त्या दिवशी काउंटरवर कोण होतं देव जाणे, पण सगळ्यांसमोर त्याला काय बोलले असतील!’

फरक कुठं पडला बघा. पहिल्या वाक्यात तोफ तिच्या पाचशेवर येऊन आदळत होती. दुसऱ्यात तिला चारशे वर्षांपूर्वीचा एक सहकारी मिळाला. बिचारा, मान खाली घालून उभा, समोर किल्लेदार विचारतोय, लक्ष कुठं असतं तुमचं? ठसठसणारी ओळ तीच, ‘सगळ्यांसमोर’, पण आता त्या ओळीत ती एकटी नव्हती. शिवाय कुणाचं नाव नाही, साहेब नाहीत, म्हातारा नाही, आदिलशहा तक्रार करायला येणार नाही.

उत्तर यायला वेळ लागला. या वेळात माणूस काय करतो ते मी समोर बघत होतो. तो फोन उलटा ठेवतो, सुलटा करतो, आवाज चालू आहे का बघतो, आणि लिहिलेलं खोडायचं बटण शोधतो. या टप्प्यावर ‘गंमत केली हं’ असं लिहून पाठवणारे पुष्कळ आहेत. मी त्याचा हात धरला.

आलं. ‘त्याच्या पगारातून कापली असेल. किती हप्ते बसले असतील?’

विनोद लागला की नाही हे हसण्याच्या पिवळ्या तोंडांवरून कळत नाही. ती तोंडं लोक वर्गणी मागणाऱ्यालाही पाठवतात. समोरच्यानं तुमच्या विनोदात स्वतःची भर घातली, आपल्या कामाचे शब्द आणले, की समजायचं लागला. एक तोंड आणि ‘हो ना’ आलं तर थांबायचं, दुसरा विनोद काढायचा नाही. दुकानात गिऱ्हाईक ‘बघून येतो’ म्हणालं की खतवाला त्याच्यामागं रस्त्यावर धावत नाही, मग इथं का धावायचं?

इथं मात्र भर आली होती, म्हणून त्याला एक डाव आणखी होता. मी इतिहासाचा माणूस नाही, पण झेरॉक्सवाल्याच्या हातून दर वर्षी परीक्षावाल्या पोरांच्या नोट्स जातात, त्यामुळं एक गोष्ट माहीत होती. 1854 मध्ये इंग्रजांनी ही तोफ भंगारात लिलावाला काढली. सगळ्यांत वरची बोली लागली दीडशे रुपये. पुढे तो लिलाव रद्द झाला म्हणून तोफ वाचली. मी खतवाल्याला हे सांगितलं आणि दुकानात गिऱ्हाईक आल्यामुळं परत गेलो. बाकी त्यानं स्वतः केलं, हे कबूल करायला हवं.

‘1854 ला तिला लिलावात दीडशेची बोली लागली होती. म्हणजे तुमच्या त्या पाचशेत तीन तोफा येतात, वर पन्नास परत.’

एवढं लिहून तो थांबला. ‘आता बरं वाटतंय ना?’ हे त्यानं विचारलं नाही, आणि मला वाटतं सगळ्या प्रकरणात हेच सगळ्यांत अवघड होतं. तो प्रश्न काळजीचा दिसतो, पण असतो वसुलीचा: मी हसवलं, आता बरं होऊन दाखवा. आणि मग समोरच्याला, बरं वाटत नसलं तरी, पावती फाडावी लागते.

पाचशे रुपये सापडले नाहीत. ती नोट कुठल्या वाडीवर गेली, आजवर कळलं नाही. साहेब त्याच खुर्चीवर आहेत आणि लिंक आठवड्यातून एकदा जातेच. खतवाल्यानं रिजनल ऑफिसचा विषय पुन्हा काढला नाही. ती मात्र आता काउंटरवर लांब रांग दिसली की कधीकधी दोन शब्द लिहून पाठवते, ‘तोफ येतेय’, आणि हा दिवसभर शेतकऱ्यांना पुडे देताना चुकीचे सुट्टे परत करतो.

त्या रात्री, तीन तोफा आणि वर पन्नासच्या हिशेबाला, मॅडमचं उत्तर आलं होतं: ‘सुट्टे नाहीत. उद्या या.’

सकाळी दुकान उघडायच्या आधी खतवाला माझ्या शटरपाशी उभा. केसांना पाणी लावलेलं, शर्ट इस्त्रीचा. फोन माझ्या नाकापुढं धरून म्हणाला, “काका, ‘उद्या या’ म्हणजे नेमकं काय असेल?”

मी म्हटलं, “बँकेत सगळ्यांना तेच सांगतात रे. पण जा. आणि जाताना आधारची झेरॉक्स घेऊन जा, दोन रुपये.”